रस्ता खणलेला, भाडं तेवढंच

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत संध्याकाळी सहा ते आठ या वेळात काउंटरवरचं ते छोटं यंत्र सतत बोलत असायचं. ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’, ‘पंचावन्न रुपये प्राप्त झाले’. कामावरून परतणारी माणसं गाडी फुटपाथला टेकवून, हेल्मेटही न काढता, पावाची लादी आणि पाव किलो खारी घेऊन जायची. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेने आमच्या पुण्याच्या उपनगरातला हा रस्ता काँक्रीटचा करायला घेतला. दुकानासमोर पत्रे उभे राहिले, मागे खंदक, आणि दुकानाच्या पायरीपर्यंत राडारोडा. त्या आठवड्यात मी सात वाजता पाव आणायला गेले, तर दहा मिनिटांत ते यंत्र एकदाच बोललं, तेही माझ्या पैशांसाठी.

बेकरीवाल्याचा पहिला विचार तोच होता जो अशा वेळी बहुतेक भाडेकरू दुकानदारांच्या मनात येतो. रस्ता होईपर्यंत भाडं थांबवू, मालकीणबाई समजून घेतील. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मेहुण्याने, जो एका वकिलाकडे कारकून आहे, त्याला बजावलं की काहीही कर, पण न सांगता भाडं थकवू नकोस. हा सल्ला किती मोलाचा होता ते कायदा पाहिल्यावर कळतं.

दुकान चालत नाही म्हणून भाडं कमी करून मिळण्याचा हक्क आपला कायदा भाडेकरूला देत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा. त्याच्या कलम १०८ मध्ये आग, पूर, दंगल यांसारख्या आपत्तीत भाड्याची जागा नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली तर भाडेकरूला करारातून बाहेर पडता येतं. रस्त्याच्या कामात जागा जशीच्या तशी असते आणि अडचण तात्पुरती असते, म्हणजे दोन्ही अटी हुकतात. करार कायद्याच्या कलम ५६ मध्ये पार पाडणं अशक्य झालेला करार रद्द समजतात, पण १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम पूर्ण झालेल्या भाडेपट्ट्याला लावायला नकार दिला. ते प्रकरण तर फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या शेतजमिनीचं होतं. जमीन कसायला जाणंच शक्य नव्हतं, तरी आगाऊ भरलेलं भाडं परत मिळालं नाही. कोविडच्या टाळेबंदीत दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या भाडेकरूने भाडं स्थगित करण्याची मागणी केली. २१ मे २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तीही फेटाळली. अशी सूट मिळते ती करारात तसं कलम असेल तर, हा त्या निकालाचा गाभा. जिथे भाडंच विक्रीच्या टक्केवारीवर ठरलेलं असतं तिथली गोष्ट वेगळी, असंही न्यायालयाने म्हटलं. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानाचा करार असा टक्केवारीचा क्वचितच असतो. भाडं महिन्याला ठरलेलं, आणि करारनाम्याचा मसुदा बहुधा एजंटकडचा ठरावीक.

महापालिकेकडे बोट दाखवूनही फारसं हाती लागत नाही. रस्त्याच्या कामामुळे गिऱ्हाईक तुटलं म्हणून दुकानदाराला भरपाई द्यावी अशी सर्वसाधारण तरतूद नाही. क्षेत्रीय कार्यालयाकडे अर्ज करून दुकानात शिरायला फळ्यांचा मार्ग आणि ‘दुकाने सुरू आहेत’ असा फलक एवढं मागता येतं, आणि ते जरूर मागावं. भाड्याची सूट मात्र मालकाच्या मर्जीवर आहे. म्हणून ती मागायची कशी, हाच खरा प्रश्न.

बेकरीची जागा एका निवृत्त शिक्षिकेची आहे. सहा वर्षं तो त्यांचा भाडेकरू आहे आणि त्यांना काकू म्हणतो. भाडं महिना ३८,००० रुपये, डिपॉझिट दोन लाख, करार ३६ महिन्यांचा, दरवर्षी पाच टक्के वाढ. तो त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, “काकू, धंदा पार बसलाय, काहीतरी करा.” त्यांनी चहा दिला आणि विचारलं, “अरे, पण किती बसला? आणि किती दिवस?” त्याच्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. तो रिकाम्या हाताने परतला. माझ्या मते काकूंनी त्या दिवशी त्याच्यावर उपकारच केले, कारण मागणीचे दोन खांब त्यांनीच दाखवून दिले होते.

‘किती’ याचं उत्तर त्याने वहीतून काढलं नाही, कारण वहीतल्या रोखीच्या नोंदींवर कोण विश्वास ठेवणार! त्याने फोनमधून यूपीआयची महिन्याची यादी काढली. मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत दिवसाला सरासरी २१० व्यवहार होते, या वर्षी ११८. मागचा महिना न घेता मागच्या वर्षीचा तोच महिना घेणं महत्त्वाचं होतं. बेकरीचा धंदा परीक्षा, सुट्ट्या, श्रावण, नाताळ यांच्यासोबत वर-खाली होतो. जानेवारीशी तुलना केली असती तर काकूंच्या मुलाने लगेच म्हटलं असतं की फेब्रुवारी दरवर्षीच मंदा असतो.

त्या यादीत आणखी एक आकडा होता आणि तो जास्त बोलका होता. सरासरी बिल आधी ५५ रुपये होतं, आता ५६. म्हणजे जो माणूस दुकानात पोचत होता तो पूर्वीइतकंच घेत होता. माल बिघडला असता, भाव चढले असते किंवा शेजारी नवी बेकरी उघडून तिने निवडक गिऱ्हाईक ओढलं असतं, तर बिलाची रक्कमही हलली असती. फक्त माणसांची संख्या घटते आणि बिल तेच राहतं, तेव्हा अडचण दाराबाहेर आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. त्यात पडझड नेमकी पत्रे लागल्याच्या आठवड्यापासूनची. हा पुरावा मालकाला समजावून सांगायला वकील लागत नाही.

सगळ्याच दुकानांना सारखा फटका बसत नाही, हेही इथे सांगायला हवं. त्याच रस्त्यावर वरच्या अंगाला एक चष्म्याचं दुकान आहे. चष्मा करायला निघालेला माणूस गाडी लांब लावून चालत येतो, वेळ ठरवून येतो. त्या दुकानाची विक्री थोडीच हलली. बेकरी, पानटपरी, झेरॉक्स, चहा, फळं यांचं पोट जाता-येता थांबणाऱ्या गिऱ्हाइकावर. गाडी टेकवायला जागा नसली की ते गिऱ्हाईक पुढच्या चौकात थांबतं, आणि तीन-चार आठवड्यांत तीच त्याची सवय होते.

मग त्याने महिन्याचा हिशेब मांडला. खोदकामाआधी दिवसाला सरासरी १६,००० म्हणजे महिन्याला ४ लाख ८० हजारांची विक्री. तो बहुतेक माल कारखान्यातून आणून विकतो, त्यात सुटतात शंभराला पंचवीस, म्हणजे १ लाख २० हजार. त्यातून भाडं ३८,०००, दोन मुलांचा पगार २८,०००, वीज आणि किरकोळ मिळून १६,००० गेले की घरासाठी ३८,००० उरायचे. आता विक्री दिवसाला ९,००० वर आली होती. महिन्याला २ लाख ७० हजार, त्यात सुटणार ६७,५००, आणि उरलेला पाव फेकून द्यावा लागायचा त्याचे साडेतीन हजार वजा. हाती राहिले ६४,०००. एका मुलाला अर्धा वेळ बोलवून पगार २०,००० वर आणला, वीज-किरकोळ १५,०००, भाडं ३८,०००. खर्च ७३,०००. घरात एक रुपया नेण्याआधीच नऊ हजारांची खोट.

या हिशेबातून मागणीचा आकडा निघतो. विक्रीतली घट ४४ टक्के आहे म्हणून भाडंही ४४ टक्के कमी करा, हा युक्तिवाद ऐकायला सरळ वाटतो, पण मालकाला तो पटत नाही, आणि त्यात चूक काही नाही. धंद्याची जोखीम दुकानदाराची. विक्री दुप्पट झाली असती तर त्याने काकूंना दुप्पट भाडं दिलं नसतं. न्याय्य प्रश्न एवढाच की दुकान बंद न पडता टिकायला किती लागेल. इथे ते उत्तर होतं १४,०००. भाडं २४,००० झालं तर नऊ हजारांची खोट भरून पाच हजार उरतात. त्यावर घर चालत नाही, पण साठवणीतून आणि बायकोच्या पगारातून काही महिने काढता येतात.

दुसऱ्या भेटीत काकूंचा मुलगा होता. त्याने सरळ विचारलं, “आमचं काय? आम्हाला मालमत्ता कर तेवढाच, सोसायटीचा मेंटेनन्स तेवढाच. आईच्या औषधांचे पैसे याच भाड्यातून जातात.” बेकरीवाल्याने याचीही तयारी केली होती, आणि मला वाटतं सगळं इथेच जुळलं. त्याने त्यांच्या बाजूचा हिशेब मांडला. आपण दुकान सोडलं तर खणलेल्या रस्त्यावर नवा भाडेकरू मिळायला दोन-तीन महिने सहज जातील, म्हणजे ७६,००० ते १,१४,००० रुपयांचं भाडं बुडेल. वर एजंटला एका महिन्याचं भाडं द्यावं लागेल. आणि पत्रे बघून आलेला माणूस ३८,००० कबूल करणार नाही. तो कमी भाडं बोलेल, आणि ते पुढच्या तीन वर्षांसाठी करारात बसेल.

शेवटी ठरलं ते असं. १४,००० पैकी ८,००० रुपये दरमहा माफ. उरलेले ६,००० माफ नव्हेत, फक्त पुढे ढकललेले. मुदत मार्चपासून, जास्तीत जास्त पाच महिने. म्हणजे काकूंचं खरं नुकसान फार तर ४०,०००, आणि पुढे ढकललेले ३०,००० तीन हजारांच्या दहा हप्त्यांत परत. बदल्यात त्याने कबूल केलं की करारातली दुकान न सोडण्याची मुदत, जी सात महिन्यांत संपत होती, ती अठरा महिन्यांपर्यंत वाढवावी. काकूंना रोख पैशांपेक्षा ही शाश्वती जास्त मोलाची वाटली.

माफी आणि पुढे ढकलणं यांतला हा फरक बोलताना फार सहज पुसला जातो. “सध्या चोवीसच दे” या वाक्याचा अर्थ दुकानदार माफी असा घेतो आणि मालक उधारी असा. भांडण त्या वेळी होत नाही. ते होतं दीड-दोन वर्षांनी, डिपॉझिट परत करायच्या दिवशी. तेव्हा मालकाच्या वहीत पाच महिन्यांचे चौदा हजारांप्रमाणे ७०,००० बाकी दिसतात, आणि दुकानदार शपथेवर सांगतो की ते सोडून दिले होते. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवरचं ‘बघू, दे जमेल तसं’ एवढंच उरलेलं असतं. भाड्यावर जीएसटी लागत असेल तर हा फरक आणखी टोचतो. माफ केलेल्या रकमेपुरतं बिलच कमी काढायचं असतं, ढकललेल्या रकमेवरचा कर मात्र ढकलला जात नाही. डिपॉझिटमधून कापून घ्या, असाही एक तोडगा लोक सुचवतात. ती माफी नव्हेच. दुकानदार आपलेच पैसे वापरतो आणि मालकाचं तारण तेवढं कमी होतं.

आता राहिलं ‘किती दिवस’. कामाच्या जागी फलक होता. त्यावर कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम आणि काम संपण्याची तारीख होती, ३१ मे. अशा तारखेवर विसंबून सूट मागणं ही मला दिसलेली सर्वांत मोठी चूक. मोठ्या कामांचं वेळापत्रक किती ताणलं जातं ते पुणेकरांना सिंहगड रस्त्याच्या उड्डाणपुलाने दाखवलं आहे. भूमिपूजन २०२१ च्या सप्टेंबरात झालं आणि शेवटचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला. छोट्या रस्त्याचं कामही खंदकात पाण्याची जुनी लाइन किंवा केबल निघाली की अडतं. आणि काँक्रीट ओतलं म्हणजे रस्ता झाला असं नसतं. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने मोजतात, त्यावर पाणी मारत राहावं लागतं आणि तोवर वाहतूक सोडत नाहीत. काम एका वेळी रस्त्याच्या एकाच बाजूला चालत असेल तर हे चार आठवडे दोनदा मोजावे लागतात. लोकांना वाटतं काम संपलं, पत्रे का काढत नाहीत. फलक नसेल किंवा तारीख उलटून गेली असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कार्यादेशाची तारीख, मूळ मुदत आणि दिलेली मुदतवाढ मागता येते. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात टाकावा.

या सगळ्यावर मेहुण्याने साधी युक्ती काढली. सवलत तारखेला न बांधता दिसणाऱ्या गोष्टीला बांधली, म्हणजे दुकानासमोर दुचाकी उभी करता येऊ लागली की. त्यावर आणखी एक महिना, कारण पुढच्या चौकात गेलेलं गिऱ्हाईक एका रात्रीत परतत नाही. आणि हे अनंतकाळ चालू नये म्हणून पाच महिन्यांची वरची मर्यादा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. नोंदणी झालेल्या करारातला बदल नुसत्या तोंडी बोलण्यावर सिद्ध करायला गेलं तर न्यायालयात ते उभं राहणं अवघड. मालकाने आपलं येणं अंशतः सोडायला करार कायद्याच्या कलम ६३ ने मात्र मोकळीक दिली आहे. त्यासाठी बदल्यात काही मिळालंच पाहिजे अशी अट नाही. म्हणून काही महिन्यांच्या माफीला दोघांच्या सहीचं पत्र व्यवहारात पुरतं. दुकान न सोडण्याची मुदत वाढवायची तर पुरवणी करार करून त्याची नोंदणी केलेली बरी. त्यांनी दोन्ही केलं. पत्राचा मजकूर मी पाहिला. तो असा होता:

‘दुकानासमोरील रस्त्याचे काम सुरू असल्याने मार्चपासून दरमहा भाडे रु. ३८,००० ऐवजी रु. २४,००० घेण्याचे उभयपक्षी ठरले आहे. फरकाच्या रु. १४,००० पैकी रु. ८,००० कायमचे माफ करण्यात येत आहेत. उर्वरित रु. ६,००० दरमहा साठत जातील व सवलत संपल्यानंतरच्या महिन्यापासून रु. ३,००० च्या समान हप्त्यांत, नियमित भाड्यासोबत, बिनव्याजी फेडले जातील. दुकानासमोर दुचाकी उभी करण्यास जागा मोकळी झाल्यानंतर एक महिन्याने, अथवा जुलैअखेर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा सवलत आपोआप संपेल. कराराचे मूळ भाडे रु. ३८,००० कायम असून वार्षिक वाढ त्यावरच मोजली जाईल. या काळातील कमी भाडे ही थकबाकी समजली जाणार नाही.’

यातलं शेवटून दुसरं वाक्य काकूंसाठी आहे आणि शेवटचं बेकरीवाल्यासाठी. एकदा भाडं उतरलं की परत चढत नाही, ही मालकाची भीती असते. मूळ भाडं कायम आहे असं लिहिलं की ती जाते. दुकानदाराची भीती वेगळी. बहुतेक करारांत सलग दोन महिने भाडं थकलं तर करार मोडण्याचा हक्क मालकाला असतो, आणि चोवीस हजारांची पावती नुसती पाहिली तर ती अपुऱ्या भाड्याची पावती दिसते. कमी भाड्याला थकबाकी म्हणायचं नाही, एवढ्या ओळीने ती वाट बंद होते. पाचही महिने त्याने पाच तारखेच्या आत पैसे बँकेतूनच पाठवले आणि प्रत्येक वेळी ‘मार्चचे भाडे, पत्राप्रमाणे’ असं लिहून पाठवलं.

जागा खरोखर मोकळी झाली ती जूनच्या शेवटी, म्हणजे फलकावरच्या तारखेनंतर महिनाभराने. सवलत जुलैबरोबर संपली. ऑगस्टपासून तो ३८,००० आणि वर तीन हजारांचा हप्ता देतो आहे. संध्याकाळचे व्यवहार दिवसाला १८० च्या आसपास आले आहेत, २१० अजून नाहीत.

एक गोष्ट मात्र पत्रात कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. नवा रस्ता जुन्यापेक्षा चांगला वीतभर उंच झाला, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून दुकानाच्या पायरीकडे वळलं. खालच्या फळीवरची टोस्टची दोन खोकी भिजली. उंबऱ्याला सिमेंटचा बांध आणि बाहेर उतार करून घ्यावा लागला. खर्च कोणाचा यावर काकू आणि बेकरीवाला एक संध्याकाळ बसले. इमारतीचं काम म्हणून बांध काकूंनी करून दिला, उतार त्याने केला. पुढच्या नूतनीकरणाच्या मसुद्यात आता रस्त्याच्या कामाचं एक स्वतंत्र कलम आहे, आणि त्यात भाड्याच्या खालोखाल उंबऱ्याची ओळ आहे.